दिवाळीचे दर आषाढीला

तारकर्ली-मालवणच्या किनाऱ्यावर दिवाळीची सुट्टी म्हणजे हॉटेलवाल्यांची सुगी. मेअखेरीस किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद होतात, ते सप्टेंबरपर्यंत. त्यामुळे पावसाळ्यातल्या रिकाम्या खोल्यांची तूट दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यातूनच भरून काढावी लागते. त्या दिवसांत दर वाढणार हे मुंबई-पुण्याच्या ट्रॅव्हल एजंटलाही ठाऊक असते आणि वाढीबद्दल त्याची सहसा तक्रार नसते. कुरकुर असते ती वाढ उशिरा कळल्याची.

याचे कारण एजंटच्या कामाच्या क्रमात आहे. रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी सुरू होते. गणेश चतुर्थी ते लक्ष्मीपूजन हे अंतर बहुतेक वर्षी पंचावन्न-छप्पन दिवसांचे. म्हणजे दिवाळीच्या कोकणगाड्यांचे आरक्षण गणपतीच्या तोंडावर उघडते. त्या सकाळी तिकीट काढणाऱ्या कुटुंबाने सहलीची रक्कम आधीच ठरवलेली असते आणि ती एजंटने सांगितलेली असते. हॉटेलचे नवे दरपत्रक गणपतीनंतर आले तर वाढ एजंटच्या खिशातून जाते किंवा गिऱ्हाईकाशी भांडण होते. म्हणून दिवाळीच्या दराचे पत्र आषाढी एकादशीच्या सुमारास, म्हणजे साधारण साडेतीन महिने आधी निघायला हवे.

उशीर झाला तर काय होते, ते आकड्यांत पाहू. समजा, एका हॉटेलचा एजंटसाठीचा नेट दर नाश्ता आणि रात्रीच्या जेवणासह एका खोलीला ३,८०० रुपये आहे. त्यावर चारशे रुपये ठेवून एजंटने दहा खोल्या दोन रात्रींसाठी विकल्या. त्याची कमाई ८,००० रुपये. आता हॉटेलने ऐन वेळी दर ४,५०० केला, तर त्याच्यावर १४,००० रुपयांचा बोजा पडतो. मेहनत करून वर सहा हजारांचा तोटा! असा एजंट पुढच्या जूनमध्ये, खोल्या रिकाम्या असताना, आपले ग्रुप दुसरीकडे नेणार.

म्हणून पत्रातली सर्वांत मोलाची ओळ दराची नसतेच. ‘या तारखेपर्यंत अॅडव्हान्स भरून कन्फर्म झालेल्या बुकिंगना जुनाच दर लागू राहील,’ ही ती ओळ. तिच्या शेजारी वाढीव दर कोणत्या रात्रीपासून कोणत्या रात्रीपर्यंत, हेही स्पष्ट लिहावे. ‘सीझनमध्ये’ एवढे लिहिले की वाद ठरलेला, कारण पाडव्यानंतरचा शनिवार हॉटेलवाल्याच्या हिशेबात सीझन असतो आणि एजंटच्या हिशेबात नसतो.

कारण सांगताना ‘वाढती महागाई’ लिहून भागत नाही. खरे कारण दोन वाक्यांत सांगावे. जास्तीची माणसे, त्यांचा सुट्टीतला जादा पगार, सुरमई-पापलेटचे चढलेले भाव, जनरेटरचे डिझेल. एक कारण करातले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी बारावरून पाच टक्के झाला. गिऱ्हाईकाला ते स्वस्त वाटते, पण त्या खोल्यांसाठीच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट हॉटेलला आता मिळत नाही. चादरी, रंगकाम, एसीची दुरुस्ती यांवरचा कर खर्चातच जातो. आणि मागणी जास्त आहे म्हणून दर जास्त आहे, हेही सरळ लिहावे. एजंटला ते पटते, कारण तोही त्याच बाजारात बसलेला आहे.

याच कराची एक पायरी दर ठरवतानाच पाहायला हवी. ७,२०० रुपयांच्या खोलीला पाच टक्के धरून गिऱ्हाईक ७,५६० रुपये देते. दर ७,८०० केला की कर अठरा टक्के होतो आणि बिल ९,२०४ वर जाते. हॉटेलने वाढवले सहाशे, गिऱ्हाईकाला बसले सोळाशे चव्वेचाळीस. पत्रात दर ‘कर वेगळा’ आहे की करासह, हे लिहिले नसेल तर हा फरक चेक-आउटच्या वेळी काउंटरवर उघडा पडतो.

पत्र साधे असावे: ‘आपल्यासाठी डबल रूमचा नेट दर ३,८०० वरून ४,५०० रुपये होत आहे, कर वेगळा. वाढ फक्त सोबतच्या तारखांना लागू. ३१ ऑगस्टपर्यंत अॅडव्हान्ससह कन्फर्म झालेली बुकिंग जुन्या दराने. त्या तारखांना आपल्यासाठी चार खोल्या १५ सप्टेंबरपर्यंत राखून ठेवत आहोत. नंतर त्या खुल्या होतील.’ व्हॉट्सअॅपवर जरूर पाठवावे, पण ईमेलही करावा आणि मोठ्या एजंटला फोन करावा.

एवढे करूनही एका गोष्टीने सगळे फुकट जाते. एजंटला ४,५०० कळवून तीच खोली ऑनलाइन पोर्टलवर ४,२०० ला लावली, तर गिऱ्हाईक मोबाइल दाखवून एजंटला खोटा ठरवते. हॉटेलमालकांनो, पत्र पाठवण्याआधी पोर्टलवरचे त्याच तारखांचे दर उघडून बघा आणि आधी ते दुरुस्त करा.