विमा कंपनी बदलली तरी प्रतीक्षेची वर्षे जमा राहतात

आरोग्य विमा दुसऱ्या कंपनीकडे नेला, तर मधुमेह, रक्तदाब यांसारख्या आधीपासूनच्या आजारांसाठी पुन्हा पहिल्या दिवसापासून थांबावे लागेल, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात जुन्या पॉलिसीत पूर्ण झालेला प्रतीक्षा कालावधी नव्या कंपनीला वजा करावाच लागतो. ही सवलत नव्हे, ग्राहकाचा हक्क आहे. एप्रिल २०२४ पासून हा कालावधी कमाल ३६ महिन्यांचा आहे. पूर्वी तो ४८ महिन्यांचा असे.

हक्काला मर्यादा मात्र आहे. समजा, नोकरीनिमित्त गोव्यातून इंदूरला गेलेल्या एका मधुमेही गृहस्थांची पाच लाखांची पॉलिसी दोन वर्षे अखंड चालली असून तीवर ५० हजार बोनस जमा आहे. आता ते तीन वर्षांची प्रतीक्षा असलेली दहा लाखांची पॉलिसी घेतात. जुन्या साडेपाच लाखांपुरते त्यांना आणखी एकच वर्ष थांबावे लागेल; वाढीव साडेचार लाखांसाठी मात्र पूर्ण तीन वर्षे. चौदाव्या महिन्यात मधुमेहातून उद्भवलेल्या मूत्रपिंडाच्या विकारावर सात लाख खर्च झाल्यास विमा साडेपाच लाखांपर्यंतच मिळेल. हिशेब प्रत्येक सदस्याचा वेगळा असतो. आईचे नाव वर्षभरापूर्वीच जोडले असेल, तर तिचे एकच वर्ष धरले जाईल.

गफलत बहुधा कागदावर होते. एजंट घाईत पोर्टऐवजी नवा प्रस्ताव भरतो आणि जुनी वर्षे पुसली जातात. म्हणून नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी पोर्टचाच अर्ज द्यावा. त्यासोबत पहिल्या वर्षापासूनच्या सर्व पॉलिसींचे तपशीलपत्रक आणि दाव्यांची माहिती जोडून, पूर्ण झालेला कालावधी सदस्यनिहाय वजा करावा, असे लेखी मागावे. आजार लपवू नये. लपवलेला आजार उघड झाल्यास दावाच नव्हे, पॉलिसीही धोक्यात येते. नव्या कंपनीला प्रस्ताव नाकारण्याचा अधिकार असल्याने तिची लेखी स्वीकृती येईपर्यंत जुनी पॉलिसी खंडित होऊ देऊ नये.

नवी पॉलिसी हाती येताच प्रत्येकाच्या नावापुढे पहिल्या विम्याची तारीख आणि उरलेली प्रतीक्षा नोंदवली आहे का, हे पाहावे. नव्या पॉलिसीवर मिळणारी परत करण्याची मुदत पोर्ट केलेल्या पॉलिसीला सामान्यतः लागू नसते, म्हणून चूक दिसल्यास दाव्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात दुरुस्ती मागणे शहाणपणाचे.

कंपनीने महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा मागणी फेटाळली, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. फेटाळल्यापासून एक वर्षाची मुदत असते. इंदूरच्या रहिवाशांसाठी हे कार्यालय भोपाळला, तर गोमंतकीयांसाठी मुंबईला आहे.