संरक्षणाची जबाबदारी आणि हस्तक्षेपाचा हक्क

२४ मार्च १९९९ रोजी ‘नाटो’ संघटनेने युगोस्लाव्हियावर विमानी हल्ले सुरू केले. कोसोव्होतील अल्बेनियन जनतेवरील अत्याचार थांबविणे हे त्यांचे घोषित प्रयोजन होते. परंतु सुरक्षा परिषदेची अनुज्ञा त्यांना नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम २ (४) बळाचा वापर निषिद्ध मानते. या निषेधास सनदेत दोनच अपवाद आहेत : कलम ५१ अन्वये स्वसंरक्षण, आणि सातव्या प्रकरणाखाली सुरक्षा परिषदेने अधिकृत केलेली कारवाई. कोसोव्होतील कारवाई यांपैकी कशातच बसत नव्हती. म्हणूनच मानवतावादी हस्तक्षेपाचा स्वतंत्र हक्क राज्यांना आहे काय, हा वाद उपस्थित झाला. एप्रिल २००० मध्ये हवाना येथे भरलेल्या ‘७७ राष्ट्रांच्या गटा’च्या परिषदेने असा हक्क निःसंदिग्धपणे नाकारला.

या कोंडीतून वाट काढण्यासाठी कॅनडाच्या पुढाकाराने एक आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला. गॅरेथ एव्हान्स व मोहम्मद सहनून हे त्याचे सहाध्यक्ष होते. डिसेंबर २००१ मधील आपल्या अहवालात या आयोगाने प्रश्नाचे स्वरूपच पालटले : हस्तक्षेप करणाऱ्याचा हक्क कोणता, असे न विचारता पीडितांच्या संरक्षणाची जबाबदारी कोणाची, असे त्याने विचारले. तथापि सुरक्षा परिषद निष्क्रिय राहिल्यास आमसभा वा प्रादेशिक संघटना यांच्याकडे वळता येईल, असा पर्यायही त्याने मोकळा ठेवला होता. २००५ च्या जागतिक शिखर परिषदेने आमसभेच्या ६०/१ या ठरावातील परिच्छेद १३८ व १३९ मध्ये ही कल्पना स्वीकारली खरी. पण तो पर्याय मात्र वगळला. वंशसंहार, युद्धगुन्हे, वांशिक निर्मूलन आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे या चारच बाबींपुरती ती मर्यादित करण्यात आली.

जानेवारी २००९ मध्ये महासचिव बान की-मून यांनी आपल्या अहवालात या परिच्छेदांची मांडणी तीन स्तंभांच्या रूपाने केली. आपल्या जनतेचे संरक्षण करणे हे प्रत्येक राज्याचे कर्तव्य, हा पहिला स्तंभ होय. त्या कामी राज्याला साहाय्य करणे, हा दुसरा. राज्य उघडपणे अपयशी ठरत असेल तर आंतरराष्ट्रीय समुदायाने वेळीच व निर्णायक प्रतिसाद देणे, हा तिसरा. हस्तक्षेपाच्या हक्काचा आभास होतो तो या तिसऱ्या स्तंभामुळे. परंतु परिच्छेद १३९ चे शब्द सावध आहेत. शांततामय उपाय अपुरे पडल्यास, प्रत्येक प्रसंगाचा स्वतंत्र विचार करून, सुरक्षा परिषदेमार्फत व सनदेनुसार सामूहिक कारवाई करण्यास आपण ‘तयार आहोत’, एवढेच राज्ये त्यात म्हणतात. ‘बांधील आहोत’ असे ती म्हणत नाहीत. शिवाय आमसभेचा असा ठराव नवा बंधनकारक कायदा निर्माण करीत नाही. मग सनदेतील निषेधास तिसरा अपवाद तो कोठून जोडणार?

लिबियाच्या उदाहरणावरून हा भेद स्पष्ट होतो. १७ मार्च २०११ रोजी सुरक्षा परिषदेने १९७३ क्रमांकाचा ठराव दहा विरुद्ध शून्य मतांनी संमत केला. भारत, चीन, रशिया, ब्राझील व जर्मनी तटस्थ राहिले. ठरावाच्या प्रास्ताविकात जनतेच्या संरक्षणाची लिबियन शासनाची जबाबदारी उल्लेखिली आहे. म्हणजे तेथे पहिला स्तंभच उच्चारला गेला. नागरिकांच्या संरक्षणार्थ सर्व आवश्यक उपाय योजण्याची अनुज्ञा मात्र सातव्या प्रकरणाच्या आधारे दिली गेली. प्रास्ताविकातील ते वाक्य वगळले तरी अनुज्ञा तशीच उरते. सातवे प्रकरण वगळले तर अनुज्ञाच उरत नाही. कायद्याचा आधार कोणता आणि राजकीय प्रेरणा कोणती, हे या कसोटीने ओळखता येते.

पुढे लिबियातील कारवाई सत्तांतरापर्यंत ताणली गेली, असा आक्षेप रशिया, चीन व इतर काही राज्यांनी घेतला. ४ ऑक्टोबर २०११ रोजी सीरियाविषयक ठरावाचा मसुदा रशिया व चीन यांच्या नकाराधिकाराने फेटाळला गेला, तेव्हा रशियाच्या प्रतिनिधीने लिबियाचा दाखला दिला. ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियातील रासायनिक हल्ल्यानंतर ब्रिटिश शासनाने परिषदेच्या अनुज्ञेविनाही बळ वापरता येईल, अशी आपली कायदेशीर भूमिका प्रसिद्ध केली. तिचा आधार मात्र ‘मानवतावादी हस्तक्षेपाचा सिद्धांत’ हा होता. २००५ च्या ठरावातून परिषदेला वगळणारा मार्ग निघत नसल्याने जुन्याच वादग्रस्त सिद्धांताकडे परतणे भाग पडले, असा याचा अर्थ होतो.

तात्पर्य, संरक्षणाची जबाबदारी ही कर्तव्यांची वाटणी आहे. ती शस्त्र उचलण्याचा परवाना नव्हे. राज्याला आपल्या जनतेच्या संहाराबद्दल ‘हा आमचा अंतर्गत प्रश्न’ असे म्हणून मोकळे होता येऊ नये, हे तिने साधले. परंतु नकाराधिकाराने परिषद कुंठित झाली असता पीडितांचे रक्षण बळाने कोणी करावे, या प्रश्नाचे उत्तर तिच्यात नाही. ते तिच्यात आहे असे मानणे म्हणजे २००५ साली राज्यांनी जाणूनबुजून जे दिले नाही, ते त्यांच्या शब्दांत घुसडणे होय.