कॅलेंडरमध्ये न उतरलेलं निमंत्रण

समजा, नाशिकच्या एका मुलीची मँचेस्टरमधल्या विद्यापीठासाठी ऑनलाइन मुलाखत ठरली. विद्यापीठाने निमंत्रण तिच्या प्रवेश सल्लागाराला पाठवलं आणि त्याने ते तिच्याकडे फॉरवर्ड केलं. तिच्या मेलमध्ये एरवी दिसणारी हो-नाहीची बटणं नाहीत. खाली फक्त `invite.ics` नावाची एक छोटी फाइल जोडलेली आहे. गूगल कॅलेंडर उघडून पाहावं, तर १४ मेचा रकाना कोरा.

फाइल खराब झाली, असंच पहिल्यांदा वाटतं. बहुतेक वेळा ती धडधाकट असते. ‘.ics’ म्हणजे साधा मजकूर. नोटपॅडमध्ये उघडली की आतलं सगळं वाचता येतं. त्यातल्या कामाच्या ओळी साधारण अशा असतात:

```
METHOD:REQUEST
DTSTART:20260514T093000Z
DTEND:20260514T101500Z
```

याच फाइलमध्ये `ATTENDEE` या नावाखाली निमंत्रिताचा मेल पत्ता असतो. आपल्या उदाहरणात तिथे सल्लागाराचा पत्ता आहे, मुलीचा नाही. शिवाय मूळ मेलमध्ये कॅलेंडरचा मजकूर ‘हे निमंत्रण आहे’ अशी खूण लावून येतो. फॉरवर्ड करताना ती खूण अनेकदा गळते आणि उरते ती एखाद्या फोटोसारखी किंवा पीडीएफसारखी जोडलेली फाइल. मग मेलसेवा तिला निमंत्रण मानत नाही. मेल थेट तुमच्याच नावाने आला असेल आणि तरीही नोंद झाली नसेल, तर गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये डोकावावं. अनोळखी माणसाकडून आलेली निमंत्रणं परस्पर चढू नयेत, अशी निवड तिथे असते. फसवी निमंत्रणं इतकी येतात की ती निवड बदलू नये, असंच मी सांगेन.

फाइल हाताने चढवायला संगणक लागतो, कारण गूगल कॅलेंडरच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये ही सोय नाही. आधी मेलमधली फाइल संगणकावर उतरवून घ्यायची. ब्राउझरमध्ये calendar.google.com उघडायचं, वरच्या दातेरी चाकावर क्लिक करून Settings मध्ये जायचं आणि डावीकडचं `Import & export` निवडायचं. तिथे फाइल दाखवायची, खालच्या यादीतून कोणत्या कॅलेंडरमध्ये नोंद हवी ते ठरवायचं आणि `Import` दाबायचं. फाइलमध्ये एकच कार्यक्रम असेल तर नेहमीचं कॅलेंडर चालतं. अख्ख्या सत्राचं वेळापत्रक असेल, तर आधी एक नवं रिकामं कॅलेंडर तयार करून त्यात ते उतरवावं. काही चुकलं तर ते कॅलेंडरच पुसून टाकता येतं. नाहीतर एकेक नोंद शोधून काढत बसावं लागतं. आयफोनच्या मेल अ‍ॅपमध्ये मात्र फाइलवर बोट ठेवलं की कार्यक्रम उघडतो आणि तिथूनच कॅलेंडरमध्ये घेता येतो.

नोंद दिसली की लगेच वेळ तपासावी. वरच्या ओळीत `093000` नंतरचा `Z` महत्त्वाचा आहे. ही जागतिक प्रमाणवेळ, असं तो सांगतो. मे महिन्यात ब्रिटनची घड्याळं तिच्या एक तास पुढे असतात, म्हणजे मँचेस्टरमध्ये तेव्हा साडेदहा वाजलेले असतात. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून नाशिकमध्ये दुपारचे तीन. कॅलेंडर हा हिशेब स्वतःच करतं. पण फाइल बनवणाऱ्याने `DTSTART:20260514T103000` एवढंच लिहिलं, `Z` नाही आणि कुठल्या शहराची वेळ तेही नाही, तर कॅलेंडर बिचकत नाही. सरळ भारतातले सकाळचे साडेदहा धरतं. मुलगी साडेचार तास आधी येऊन बसेल. त्यामुळे मेलच्या मजकुरातली वेळ आणि कॅलेंडरमधली वेळ शेजारीशेजारी ठेवून जुळवावी. फरक नेमका साडेचार किंवा साडेपाच तासांचा निघाला, तर दोष इथेच असतो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हाताने चढवलेली नोंद ही फक्त तुमच्याकडची प्रत असते. गूगल कॅलेंडर अशा नोंदीत पाहुण्यांची यादी आणि व्हिडिओ बैठकीची जोडणी घेत नाही, म्हणून मेलमधली लिंक उचलून नोंदीच्या वर्णनात स्वतः चिकटवावी. तुम्ही येणार असल्याचा निरोपही विद्यापीठाला जात नाही. तो वेगळा मेल लिहून कळवावा लागतो. त्याच मेलमध्ये निमंत्रण थेट आपल्या पत्त्यावर पाठवायची विनंती केली, तर पुढच्या वेळी हा खटाटोपच उरत नाही.

मुलाखत पुढे ढकलली गेली तर नाशिकमधली ही प्रत जुनीच वेळ दाखवत राहते. बदलाची नवी फाइल आली की आधी जुनी नोंद पुसावी, नवी चढवावी, लिंक पुन्हा चिकटवावी आणि वेळ पुन्हा जुळवून पाहावी.