चक्र आणि चकवा

फायनाइट ऑटोमेटन म्हणजे मोजक्या अवस्थांचे कल्पित यंत्र. ते शब्दातले एकेक अक्षर वाचते आणि प्रत्येक अक्षरासरशी एका अवस्थेतून दुसरीत जाते. शब्द संपताना यंत्र स्वीकार-अवस्थेत असेल तर तो शब्द मान्य. अशा सगळ्या मान्य शब्दांचा संच ही त्या यंत्राची भाषा. अवस्था मर्यादित असल्या तरी भाषा अमर्याद असू शकते. ती तशी आहे का, हे आकृतीवरूनच ओळखता येते.

मायकेल रॅबिन आणि डेना स्कॉट यांच्या 1959 च्या शोधनिबंधाने या प्रश्नाचा निवाडा शब्दांच्या लांबीवर आणून ठेवला. n अवस्थांचे यंत्र n ते 2n−1 या लांबीचा एखादा शब्द स्वीकारत असेल तरच त्याची भाषा अनंत असते. कसोटी बिनचूक आहे, पण शब्द एकेक करून तपासायचे म्हटले तर दोन अक्षरे आणि वीस अवस्थांनाच त्यांची संख्या एक लाख कोटींच्या वर जाते. त्यापेक्षा आकृतीत चक्र शोधणे कितीतरी स्वस्त.

मात्र कुठलेही चक्र चालत नाही. 0 ते 4 अशा पाच अवस्थांचे एक यंत्र घेऊ. आरंभ 0, स्वीकार फक्त 2. 0 वरून a ने 1, 1 वरून b ने 2. 3 वरून a ने पुन्हा 3 आणि b ने 2. उरलेले सगळे बाण 4 कडे जातात, आणि 4 वरचे दोन्ही बाण 4 वरच परततात. म्हणजे 3 आणि 4 अशा दोन ठिकाणी चक्रे दिसतात, तरी भाषेत ab हा एकच शब्द आहे.

याचे कारण दोन शोधांत सापडते. आरंभापासून बाणांच्या दिशेने जाता 0, 1, 2, 4 गाठता येतात. 3 कडे वाटच नाही. मग स्वीकार-अवस्थेपासून बाण उलटे धरून मागे येता 2, 1, 0, 3 सापडतात. 4 मधून सुटका नाही. दोन्ही याद्यांत असलेल्या 0, 1, 2 याच उपयुक्त अवस्था, आणि त्यांच्यात चक्र नाही. म्हणून भाषा सांत. 4 सारखी सापळा-अवस्था पूर्ण यंत्रात अनेकदा आढळते. छाटणी न करता चक्र शोधणारा तिथेच चकव्यात सापडतो आणि सांत भाषेला अनंत ठरवतो.

आता एकच बदल करू: 1 वरचा a चा बाण 4 ऐवजी 1 वरच वळवू. ab, aab, aaab असे हवे तितके शब्द मान्य होतात, कारण आरंभापासून चक्रापर्यंत आणि तिथून स्वीकारापर्यंत वाट आहे; फेऱ्या कितीही घालाव्यात. उलट, उपयुक्त भागात चक्र नसेल तर कोणतीही अवस्था वाटेत दुसऱ्यांदा येत नाही. साहजिकच n अवस्थांच्या यंत्रात मान्य शब्द n−1 अक्षरांहून लांब असू शकत नाही.

चक्र शोधताना वाटेवर पुढे जात राहायचे आणि चालू वाटेतल्या अवस्थांवर खूण ठेवायची. खूण असलेलीच अवस्था पुन्हा भेटली की चक्र मिळाले. एखादी अवस्था पूर्ण तपासून मागे फिरताना तिची खूण बदलावी लागते. तसे न केल्यास दोन वाटा एका अवस्थेत नुसत्या येऊन मिळाल्या तरी चक्राचा भास होतो. तिन्ही टप्पे मिळून लागणारा वेळ अवस्था आणि बाण यांच्या बेरजेच्या प्रमाणात असतो.

एक अपवाद ध्यानात ठेवावा लागतो. काही यंत्रांत अक्षर न वाचता ओलांडायचे रिक्त बाण असतात. केवळ अशा बाणांचे चक्र कितीही वेळा फिरले तरी शब्द लांबत नाही. त्यामुळे तिथे निदान एक तरी अक्षर वाचणारे चक्रच मोजायचे.