तांबडा रस्सा तांबडाच दिसावा म्हणून

कोल्हापुरातल्या एका खानावळीचं मेनूकार्ड करायचं ठरलं, तेव्हा मालकांनी 28 पदार्थांचे फोटो मोबाइलवर पाठवून दिले. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण, खिमा, अख्खा मसूर, खर्डा, भाकरी, सोलकढी. काही फोटो दुपारी दारातल्या उजेडात काढलेले, काही रात्री ट्यूबलाइटखाली, काही ताटावर वाकून सरळ वरून. मालकांचं म्हणणं मोजकं होतं. "फोटो छापायचे नाहीत, चित्रं काढा. पण बघितल्यावर भूक लागली पाहिजे, आणि सगळी एका हातची वाटली पाहिजेत."

एका हातची वाटणं हे ब्रशवर अवलंबून असतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर ते आधी ठरतं वाटीच्या तोंडावर. वाटीचं तोंड गोल असतं, पण तिरक्या नजरेनं पाहिलं की लंबगोल दिसतं. कॅमेरा 45 अंशांत धरला, तर 10 सेंटिमीटर रुंद तोंड चित्रात साधारण 7 सेंटिमीटर उंच येतं. कॅमेरा 30 अंशांपर्यंत खाली आणला की ती उंची 5 वर येते, आणि सरळ वरून धरला तर पूर्ण गोल. असे तीन प्रकारचे फोटो गिरवून चित्रं केली आणि एका पानावर शेजारी शेजारी ठेवली, तर प्रत्येक वाटी वेगळ्याच टेबलावर ठेवल्यासारखी दिसते. मग रेघ कितीही सारखी असो, रंग कितीही जुळवा, पान एकसंध होत नाही. वाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी बिनसलंय हे त्याला जाणवतं.

म्हणून मी फोटो पुन्हा काढले. खिडकीजवळचं टेबल, ट्यूब बंद, उजेड डावीकडून, सावलीच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केलेला. मोबाइल हातभर लांब धरून दुप्पट झूम केलं, कारण अगदी जवळून काढलं की वाटीची पुढची कड फुगते आणि मागची आकसते. प्रत्येक ताटाच्या कडेला कोऱ्या कागदाचा तुकडा ठेवला. तो कागद फोटोत पिवळट किंवा हिरवट दिसला, तर पदार्थाचा रंगही तेवढाच बिघडलाय हे लगेच कळतं. मग 10 ला 7 या मापाचा एकच लंबगोल तयार केला आणि सगळ्या वाट्या आणि ताटल्या त्याच मापात लहानमोठ्या करून बसवल्या. सोलकढीच्या ग्लासाचं तोंडही त्याच मापाचं.

रंगाची गोष्ट जास्त अवघड. आपलं बरंचसं जेवण तपकिरी आहे. सुकं मटण, खिमा, मसूर, भाकरी, सगळं त्याच घराण्यातलं. फोटोतला रंग संगणकावर ड्रॉपरनं उचलून चित्रात भरला, तर तांबडा रस्सा मातकट होतो. फोटोत तो लाल वाटतो, कारण शेजारी स्टीलची थंड करडी कड असते आणि वर तेलाची चमक असते. एकटा काढून घेतलेला तोच रंग वाळलेल्या मातीसारखा असतो. रंग शेजाऱ्यामुळे बदलतो, ही गोष्ट मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1839 मध्ये पुस्तकरूपानं मांडली. तो गॉबेलिनच्या गालिचांच्या कारखान्यात रंगाई बघत असे, आणि काळा धागा फिका दिसतो या तक्रारीचं मूळ शेजारच्या धाग्यात आहे हे त्यानं ओळखलं होतं.

तेव्हा रस्सा नीट बघितला. मधोमध तो गडद आणि दाट असतो, पण जिथे कट वाटीच्या कडेला पातळ होऊन चिकटतो, तिथे झगझगीत केशरी रेघ उमटते. जिभेला पाणी सुटतं ते त्या रेघेमुळे. मी मधला रंग शांत ठेवला आणि सगळा जोर त्या दोन मिलिमीटरच्या केशरी कडेवर दिला. काळा रंग मात्र सगळ्या कामातून काढून टाकला. काळी सावली रश्श्यावर पडली की तो करपलेला दिसतो. बाह्यरेघ गडद तपकिरी, सावली पिकलेल्या वांग्याच्या सालीसारखी जांभळट, आणि कोथिंबीर पिवळसर हिरवी. हिरव्यात निळा थोडा जरी जास्त झाला, तरी खर्डा बुरशी आल्यासारखा वाटतो. 28 पदार्थांना मिळून 12 रंग ठरवले, तेराव्याची गरज पडली नाही.

पांढऱ्या रश्श्यानं मात्र दोन दिवस घेतले. नारळाचं दूध, खसखस, काजू. सगळं पांढरं, वाटी स्टीलची, कागदही पांढरा. रेघ ठळक केली तर त्याचं दूध होतं, सावली वाढवली तर शिळं दिसतं. शेवटी रस्सा नुसता पांढरा न ठेवता त्यात पिवळ्याची अगदी हलकी झाक दिली आणि वाटीमागे हळदीच्या रंगाचा एक गोल टाकला. लगेच वाटी उठून आली. एकाच पदार्थामागे गोल असून चालणार नव्हतं, म्हणून तो 28 च्या 28 पदार्थांमागे गेला. पुढे त्या गोलानंच पानाला एक चेहरा दिला. तेव्हापासून मी कामाची सुरुवात सर्वांत पांढऱ्या आणि सर्वांत काळपट पदार्थानं करते. त्यांना जे चालतं ते बाकीच्यांना चालतंच.

दुसरी सवय म्हणजे एक पदार्थ पूर्ण करून पुढच्याकडे न जाणं. हात कामात बदलत जातो, विसाव्या चित्राची रेघ पहिल्याइतकी जाड राहत नाही. म्हणून आधी सगळ्यांच्या रेघा, मग सगळ्यांचे सपाट रंग, मग सगळ्या सावल्या, आणि शेवटी एकाच बैठकीत तेलाचे ठिपके, सगळे डाव्या बाजूला. नंतर सगळी चित्रं एका कागदावर लहान छापून भिंतीला लावली आणि दहा फुटांवरून डोळे बारीक करून पाहिली. अंडाकरी एकटीच पुढे उडी मारत होती, कारण तिचा पिवळा बाकीच्यांपेक्षा उजळ झाला होता.

छपाईची चूक माझीच. पडद्यावरचा लाल कागदावर येत नाही हे ठाऊक असूनही रंगांचं रूपांतर मी संगणकावर सोपवलं. त्यानं गडद तांबड्यात निळसर सायन आणि काळी शाई मिसळली आणि पहिल्या प्रूफवर रस्सा गंजलेल्या पत्र्यासारखा आला. मग आकडे हातानं बसवले: मॅजेंटा 90, पिवळी 100, सायन 5 च्या आत, काळी शून्य. कागदही बदलला. मॅपलिथो शाई पिऊन टाकतो, म्हणून 300 जीएसएमचा आर्ट पेपर घेतला.

दुसरं प्रूफ मी संध्याकाळी खानावळीतच नेलं, कारण कार्ड वाचलं जाणार ते तिथल्याच पिवळ्या दिव्यांखाली. मालकांनी ते हातात धरून बराच वेळ पाहिलं. रस्सा पसंत पडला. मग सुक्या मटणावर बोट ठेवून म्हणाले, "ताई, हे पीस किती काढलेत?" मी मोजले, सहा होते. "आम्ही चार देतो. गिऱ्हाईक ताटात मोजतंय." फोटोतही चारच होते, ताटली भरलेली दिसावी म्हणून माझ्या हातून दोन वाढले होते. घरी येऊन ते दोन पुसले, आणि तिथे मसाला थोडा दाट केला.