छेद शून्य होतो तिथेच उत्तर सापडते

१६७२ साली पॅरिसमध्ये ख्रिस्तियान हायगेन्स या नावाजलेल्या डच शास्त्रज्ञाने एका जर्मन तरुणाला एक बेरीज घातली. तरुणाचे नाव गॉटफ्रीड लायब्निझ. तो आला होता राजनैतिक कामगिरीवर; गणिताचे त्याचे शिक्षण तोवर बेताचेच होते. बेरीज अशी होती:

1 + 1/3 + 1/6 + 1/10 + 1/15 + …

पदे संपतच नाहीत. छेदांकडे नीट पाहिले तर मात्र त्यांचा क्रम कळतो: एक, मग एक अधिक दोन, मग एक अधिक दोन अधिक तीन. आजच्या पद्धतीने लिहायचे तर n व्या क्रमांकाचे पद 2/(n(n + 1)) असे येते. छेदात दोन अवयवांचा गुणाकार आहे, आणि हाच अपूर्णांक वजाबाकीच्या रूपातही मांडता येतो:

2/(n(n + 1)) = 2/n − 2/(n + 1)

आता पदे ओळीने लिहून पाहावीत. पहिले पद 2/1 − 2/2, दुसरे 2/2 − 2/3, तिसरे 2/3 − 2/4. प्रत्येक पदाचा मागचा भाग पुढच्या पदाच्या पहिल्या भागाशी कटतो. शंभर पदांची बेरीज 2 − 2/101 एवढीच उरते, आणि पदे वाढवत नेली की ती दोनच्या हवी तितकी जवळ जाते. लायब्निझने उत्तर दिले: दोन.

ही फोड इतकी सोपी आहे की ती नुसती पाहूनही सुचू शकते. पण छेद जरा गुंतागुंतीचा झाला, वर अंशात एखादी राशी आली, की नजर पुरत नाही, रीत लागते. आपल्याकडे बारावीच्या संकलनाच्या प्रकरणात विद्यार्थ्यांना ती ‘आंशिक अपूर्णांक’ या नावाने भेटते. शाळेत लसावि काढून दोन अपूर्णांकांचा एक करायला शिकवतात. इथे एकाचे पुन्हा दोन करायचे असतात. रीत फारशी अवघड नाही. तिच्यातली एक पायरी मात्र पहिल्यांदा पाहणाऱ्याला सरळसरळ नियमबाह्य वाटते, आणि बहुतेक वर्गांत तिच्यावरून भरभर पुढे जातात. त्या पायरीपाशी थांबण्यासाठी एक उदाहरण घेऊ.

(3x + 26) / (x² + x − 12)

पहिले काम छेदाचे अवयव पाडण्याचे. गुणाकार उणे बारा आणि बेरीज एक येईल अशा दोन संख्या हव्यात. त्या आहेत चार आणि उणे तीन. म्हणून छेद झाला (x − 3)(x + 4). दोन्ही अवयव एकघाती आहेत आणि एकमेकांपासून वेगळे आहेत. आजची सगळी मदार याच दोन गोष्टींवर आहे.

मूळ अपूर्णांक दोन तुकड्यांच्या बेरजेतून आला असावा असे धरून चालू. एका तुकड्याखाली x − 3, दुसऱ्याखाली x + 4. वर काय असेल? अंशाचा घात छेदाच्या घातापेक्षा लहान ठेवायचा आहे आणि प्रत्येक तुकड्याचा छेद एकघाती आहे, तेव्हा वर साध्या संख्याच उरतात. त्या अजून माहीत नाहीत म्हणून त्यांना A आणि B म्हणू:

(3x + 26) / ((x − 3)(x + 4)) = A/(x − 3) + B/(x + 4)

दोन्ही बाजूंना (x − 3)(x + 4) ने गुणले की छेद नाहीसे होतात:

3x + 26 = A(x + 4) + B(x − 3)

इथून एक सरळ वाट अशी. उजवी बाजू उलगडून x चे सहगुणक जुळवले तर A + B = 3 मिळते; स्थिर पदे जुळवली तर 4A − 3B = 26. पहिल्या समीकरणाला तीनने गुणून दुसऱ्यात मिळवले की 7A = 35, म्हणजे A = 5, आणि मग B = −2. उत्तर आले, आणि त्यावर कोणाचा आक्षेपही नसतो. दोन अवयवांपुरती ही वाट चांगलीच आहे. अवयव चार झाले की चार अज्ञातांची चार समीकरणे सोडवत बसावे लागते, आणि चिन्हांच्या चुका तिथेच होतात.

दुसरी वाट कितीतरी जलद आहे. त्याच ओळीत x = 3 ठेवायचे. B ला चिकटलेला x − 3 शून्य होतो आणि B चे पद गळून पडते. डावीकडे पस्तीस, उजवीकडे 7A. म्हणून A = 5. मग x = −4 ठेवायचे. आता A चे पद गळते; डावीकडे चौदा, उजवीकडे −7B, म्हणून B = −2. समीकरणे सोडवावीच लागली नाहीत.

विचार करणारा विद्यार्थी नेमका इथे हात वर करतो. मूळ अपूर्णांकात x ची किंमत तीन ठेवता येत नाही. छेद शून्य होतो, आणि शून्याने भागायचे नाही हे तर लहानपणापासून बजावलेले. शिवाय दोन्ही बाजूंना ज्याने गुणले ते (x − 3)(x + 4) हेच x = 3 असताना शून्य असते. मग ज्या किमतीला मूळ राशीलाच अर्थ नाही, तीच किंमत ठेवून काढलेले A खरे कसे?

शंका अगदी रास्त आहे, आणि ‘अशीच रीत आहे’ हे तिचे उत्तर नव्हे. छेद काढून टाकल्यानंतरच्या ओळीकडे पाहावे. तिच्यात भागाकार उरलेलाच नाही. दोन्ही बाजूंना साध्या बहुपदी आहेत. तीन आणि उणे चार या दोन किमती सोडल्या तर x च्या इतर प्रत्येक किमतीला ही ओळ खरी असायला हवी, कारण तिथे गुणाकार कायदेशीर होता. आता दोन्ही बाजूंच्या बहुपदींचा घात जास्तीत जास्त एक आहे. अशा बहुपदींचे आलेख सरळ रेषा असतात, आणि दोन वेगळ्या सरळ रेषा एकाहून अधिक ठिकाणी भेटत नाहीत. या दोन तर असंख्य ठिकाणी एकमेकींवर आहेत. म्हणजे ती एकच रेषा आहे, आणि म्हणून वगळलेल्या त्या दोन ठिकाणीही त्या एकमेकींवरच असणार. x = 3 आपण मूळ अपूर्णांकात ठेवतच नाही, या बहुपदींच्या ओळीत ठेवतो, आणि तिथे त्याला पूर्ण मुभा आहे. घात वाढला तरी युक्तिवाद तोच: घात जितका, त्याहून अधिक ठिकाणी जुळणाऱ्या बहुपदी सर्वत्र जुळतात.

हे एकदा पटले की मधल्या ओळीही लिहाव्या लागत नाहीत. A हवा असेल तर मूळ अपूर्णांकातला x − 3 बोटाने झाकायचा आणि उरलेल्या (3x + 26)/(x + 4) मध्ये तीन ठेवायचे: पस्तीस भागिले सात, पाच. B साठी x + 4 झाकायचा आणि उरलेल्यात उणे चार ठेवायचे: चौदा भागिले उणे सात, उणे दोन. या झाकण्याच्या युक्तीला ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज अभियंत्याचे नाव चिकटले आहे. सोळाव्या वर्षी शाळा सोडलेला हा माणूस आधी तारयंत्राच्या कामावर होता; विद्युत मंडलांची गणिते सोडवताना त्याला अशा फोडी सतत लागत.

उत्तर असे:

(3x + 26) / (x² + x − 12) = 5/(x − 3) − 2/(x + 4)

पडताळा घेतल्याशिवाय वही मिटू नये. x = 4 ठेवले तर डावीकडे 38/8, म्हणजे पावणेपाच. उजवीकडे 5 − 1/4, तेही पावणेपाच. पडताळ्यासाठी तीन किंवा उणे चार मात्र वापरता येत नाहीत. इथे छेद परत आले आहेत. आणखी एक झटपट खूण आहे: वरच्या दोन संख्यांची बेरीज, पाच उणे दोन, मूळ अंशातल्या x च्या सहगुणकाएवढी म्हणजे तीनच यायला हवी. आली आहे.

फोडीचा फायदा संकलनात लगेच दिसतो. मूळ राशीचे संकलन कोणत्याही साध्या सूत्रात बसत नाही, पण दोन तुकड्यांचे तोंडी होते: 5 log|x − 3| − 2 log|x + 4| + c. याच कामासाठी १७०२ साली लायब्निझ आणि योहान बर्नूली या दोघांनीही ही रीत आपापल्या लेखांत मांडली.

झाकण्याची युक्ती एका ठिकाणी गुपचूप दगा देते. अंश 3x + 26 ऐवजी x² असता तर? युक्ती तक्रार करत नाही. x − 3 झाकून तीन ठेवले की 9/7 मिळते, x + 4 झाकून उणे चार ठेवले की −16/7 मिळते. दोन्ही संख्या रुबाबात लिहून मोकळे होता येते. आता x = 0 ठेवून पाहावे. डावीकडे शून्य. उजवीकडे −3/7 आणि −4/7, मिळून उणे एक. बरोबर एकाचा फरक, आणि तो x च्या कोणत्याही चालणाऱ्या किमतीला तेवढाच राहतो. कारण उघड आहे: अंशाचा घात छेदाएवढाच होता, तेव्हा आधी भागाकार करायला हवा होता. x² ला x² + x − 12 ने भागले की भाग एक लागतो आणि बाकी −x + 12 उरते. तो एकच आपण हरवला होता. अंशाचा घात छेदापेक्षा लहान आहे ना, हे पाहिल्याशिवाय बोट ठेवायचे नाही.

अवयव वेगळे असण्याची अटही शोभेची नाही. छेदात (x − 3)² असेल आणि त्याचे दोन सारखे तुकडे मानले, तर त्यांची बेरीज पुन्हा x − 3 याच छेदावर येते; वर्ग कुठून आणणार? तिथे एक तुकडा (x − 3)² वरच लागतो. आणि x² + 1 सारख्या अवयवाला शून्य करणारी वास्तव संख्याच नाही, त्यामुळे ठेवायला किंमतच मिळत नाही. त्या दोन्ही प्रकारांच्या रीती निराळ्या आहेत.

वेगळे एकघाती अवयव तीन झाले तरी काम तेच, फक्त बोट तीनदा ठेवायचे. वाचकांनी (6x + 6)/(x(x − 1)(x + 2)) याची फोड स्वतः करून पाहावी. अनुक्रमे x, x − 1 आणि x + 2 यांच्यावर −3, 4 आणि −1 यायला हवेत. या तिघांची बेरीज शून्य येते, कारण मूळ अंशात x² चे पद नाही.