ओळ कुठे तुटते ते पाहा

मुक्तछंदाबद्दलची जुनी तक्रार अशी, की हे गद्यच आहे, फक्त तुकडे करून एकाखाली एक लिहिलेलं. तक्रार अगदीच खोटी नाही. अशा कविता ढिगाने छापल्या जातात. पण तुकडे कशासाठी केले, हे ज्या कवितेत सांगता येतं तिला हा आक्षेप लागू होत नाही.

वृत्तात ओळ कुठे संपणार, हे आधीच ठरलेलं असतं. भुजंगप्रयातात बारा अक्षरं झाली की ओळ संपली, आणि त्यातलं लघु-गुरूही ठरलेलं. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरण आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. ग्रंथातली ओवी मात्र बरीच सैल. तिच्या पहिल्या तीन चरणांना यमक असतं, चौथा चरण सहसा आखूड, अक्षरसंख्येचं बंधन नाही. म्हणजे मोजमाप ढिलं ठेवूनही काव्य होतं, हे मराठीला ज्ञानेश्वरीपासून ठाऊक आहे. कवी अनिलांनी 1940 साली ‘भग्नमूर्ती’ हे दीर्घकाव्य मुक्तछंदात आणलं, तेव्हा मराठी कान अगदीच कोरा नव्हता. मुक्तछंदात उरलेलं यमक आणि ठरीव लांबीही गेली. ओळ कुठे संपवायची, हे आता प्रत्येक वेळी कवीनेच ठरवायचं, आणि कवितेची बांधणी तिथेच सापडते.

दुसऱ्या कुणाची कविता उसवण्यापेक्षा उदाहरणापुरत्या माझ्याच काही ओळी घेतो:

एसटी आली नाही
सातची.
आठची आली नाही.
स्टँडवरची माणसं
आधी घड्याळाशी बोलली,
मग एकमेकांशी.
नऊला एसटी आली.
कुणी उठलं नाही
लगेच.

यात एकही शब्द न बदलता हे सगळं सलग लिहून काढा आणि वाचा. शेवटी ‘कुणी उठलं नाही लगेच’ असं साधं वाक्य मिळेल, म्हणजे लोक जरा रेंगाळले, एवढंच. तुटलेल्या ओळीत आधी ‘कुणी उठलं नाही’ एवढंच हाती येतं. क्षणभर वाटतं, ही माणसं आता जाणारच नाहीत. मग ‘लगेच’ येतो आणि ती शक्यता मागे घेतो. वाचकाने ती मनात आणलेली असते, ती पुसली जात नाही. सलग लिहिल्यावर असं काही हरवत असेल, तर ती ओळ कारणाने तुटली आहे. काहीच हरवत नसेल, तर ते गद्य, आणि तसं म्हणायला लाजू नये.

आता ‘नाही’ शोधा. तो तीनदा आहे. पहिले दोन एसटीचे, तिसरा माणसांचा. मधली ‘नऊला एसटी आली’ ही होकाराची ओळ त्यांना वेगळं करते. आधी गाडी येत नाही, नंतर माणसं जात नाहीत, अशी ही उलटापालट या नऊ ओळींचा कणा आहे. वृत्तात जे काम अक्षरांची मोजणी करते, ते इथे एका शब्दाच्या परत येण्याने केलं. म्हणून मुक्तछंद वाचताना हातात पेन्सिल असावी. परत आलेले शब्द आणि एकाच घडणीची वाक्यं यांखाली रेघ मारायची आणि ती घडण कुठे मोडली ते पाहायचं. बहुतेक वेळा कविता तिथेच वळते.

मराठीत एक खास अडचण आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे नको असलेलं यमक आपोआप जुळतं. वरच्या ओळींत मी ‘मग एकमेकांशी बोलली’ असं लिहिलं असतं, तर लगेच खाली ‘एसटी आली’ येऊन टाळी वाजली असती. म्हणून दुसरं ‘बोलली’ गाळलं. ‘सातची’ क्रियापदाच्या मागे टाकण्यातही हाच हेतू आहे, शिवाय बोलताना आपण असंच बोलतो. हा बोलण्याचा सूर मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाही.

फसलेला मुक्तछंदही ओळखता येतो. जिथे स्वल्पविराम आला असता तिथेच प्रत्येक ओळ तुटत असेल, तर ओळ फक्त विरामचिन्हाची चाकरी करते आहे. उलट प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर टाकला, की सगळ्यांनाच वजन येतं, म्हणजे कुणालाच येत नाही. आणि चांगल्या कवितेतही प्रत्येक तोडीमागे गूढ अर्थ नसतो. काही ओळी फक्त पुढच्या ओळीची तयारी करतात. वर ‘स्टँडवरची माणसं’ इथली तोड तशीच, साधी.

सगळा मुक्तछंद असा आखूड ओळींचाही नसतो. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’मध्ये (1972) लांबलचक ओळी अंगावर येतात. तिथे तोडीपेक्षा एकामागून एक येणाऱ्या शब्दांचा रेटा मोजावा लागतो.

अशा लांब ओळी मोबाइलच्या अरुंद पडद्यावर मावत नाहीत आणि कुठेही दुमडतात. ती तोड कवीची नसते. तेव्हा कवितेची बांधणी शोधायची असेल, तर फॉरवर्ड झालेल्या मजकुरावर भिस्त ठेवू नका, छापील संग्रहच उघडा.